पार्श्वभूमी : ‘नोंद घेण्यात आली’ आणि जोखीम समितीचं इतिवृत्त

नागरी सहकारी बँकेच्या जोखीम समितीचं इतिवृत्त आज हातात घेतलं तर त्यात तीन गोष्टी सापडतात : जोखीम नोंदवहीतला फेरफार, कुठल्या जोखमीचं रेटिंग वर किंवा खाली गेलं याची यादी, आणि प्रत्येक उपायापुढे एक ‘ओनर’. हे तीन रकाने एकाच वेळी आले नाहीत. शेवटचे दोन अजूनही नीट बसलेले नाहीत, त्यामुळे हे टिपण मुख्यतः त्यांच्याबद्दल.

नोंदवहीची कल्पना बाहेरून आली. जोखीम व्यवस्थापनाचं पहिलं राष्ट्रीय मानक १९९५ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने मिळून काढलं. त्याच वाटेने २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं. आपल्याकडे मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबर १९९९ मध्ये व्यापारी बँकांना जोखीम व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि संचालक पातळीवरच्या समितीचा विषय तिथे आला. सहकारी बँका त्या वेळी त्या चौकटीबाहेर होत्या. त्यांच्याकडे कर्ज समिती होती, लेखापरीक्षण समिती होती. जोखमीची चर्चा झालीच तर ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात व्हायची.

चित्र खऱ्या अर्थाने पालटलं ते २०१८ नंतर. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या सहकारी बँकेतून सायबर हल्लेखोरांनी अवघ्या काही दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये काढून नेले. ऑक्टोबरमध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट आली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकेच्या डिजिटल पसाऱ्यानुसार चार पायऱ्यांची सविस्तर चौकट. मधल्या काळात सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका बहुराज्यीय सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येऊ लागले. जून २०२१ मध्ये ५,००० कोटी किंवा त्याहून जास्त मालमत्ता असलेल्या नागरी सहकारी बँकांना स्वतंत्र मुख्य जोखीम अधिकारी नेमणं सक्तीचं झालं. छोट्या बँकांवर ती सक्ती नव्हती, पण तपासणीला आलेले अधिकारी नोंदवही मागू लागले होते. मग अनेक ठिकाणी नोंदवही तयार झाली. बऱ्याचदा ती सल्लागाराच्या एक्सेलमधून उतरली आणि तिच्यातल्या काही जोखमी त्या बँकेच्या व्यवसायातच नव्हत्या.

सूचीबद्ध कंपन्यांचा मार्ग वेगळा होता. बाजार नियामकाने तिथे आधी सर्वांत मोठ्या १०० कंपन्यांना समिती सक्तीची केली, मग ५०० आणि २०२१ मध्ये १,००० कंपन्यांना. वर्षातून किमान दोन बैठका आणि दोन बैठकांत १८० दिवसांहून जास्त अंतर नको, हेही तेव्हाच आलं. २०२४ च्या डिसेंबरात ते अंतर २१० दिवसांवर गेलं. सहकारी बँका कंपनी कायद्याखाली येत नाहीत, तरी कंपनी सचिवांच्या मानकातली मुदत बऱ्याच बँकांच्या सचिव कक्षांनी उचलली : मसुदा १५ दिवसांत सदस्यांकडे, त्यावर सात दिवसांत हरकती, ३० दिवसांत इतिवृत्त वहीत. मुदत उचलली, पण भाषा मात्र आमसभेच्या इतिवृत्ताचीच राहिली. अडचण इथून सुरू होते.

सहकारातल्या इतिवृत्ताला स्वतःची मराठी आहे. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’, ‘अहवाल अवलोकनी घेण्यात आला’, ‘सविस्तर चर्चा होऊन नोंद घेण्यात आली’. क्रियापद कर्मणी, कर्ता गायब. लाभांश मंजूर करताना यात काही बिघडत नाही, कारण ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं असतात. जोखीम समितीत मात्र ठराव क्वचित होतात. तिथे सूचक नसतो, अनुमोदक नसतो आणि मागे फक्त ‘नोंद घेण्यात आली’ उरतं.

या तीन शब्दांवर किती वाद होऊ शकतो याचं मी जवळून पाहिलेलं एक उदाहरण. बँक मध्यम आकाराची, इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे. नोंदवहीतली जोखीम क्रमांक १४ अशी होती : मुख्य संगणक केंद्र बंद पडल्यास शाखांचं कामकाज थांबणं. शक्यता ४, परिणाम ५, गुणाकार २०, रंग लाल. उपाय म्हणजे दुसऱ्या शहरात पर्यायी केंद्र, ज्याला सगळे ‘डीआर साइट’ म्हणतात. ओनरच्या रकान्यात लिहिलेलं होतं ‘आयटी’. जूनच्या बैठकीत व्यवस्थापनाने शक्यता ४ वरून २ वर आणली, गुणाकार १० झाला, रंग पिवळा. कारण दिलं होतं, ‘पर्यायी केंद्राचा करार पूर्ण’. एका सदस्याने, निवृत्त बँक अधिकारी होते ते, एकच प्रश्न विचारला : “तिकडून एक दिवस तरी बँक चालवून बघितली का?” उत्तर आलं, “सर, ड्रिल सप्टेंबरला आहे.” पुढे पंधरा मिनिटं चर्चा झाली, आणि मी लिहिलं, ‘सदर जोखमीच्या रेटिंगमधील बदलाची नोंद घेण्यात आली.’

त्या वाक्याचे तीन अर्थ निघाले. व्यवस्थापनाच्या मते समितीने बदल मान्य केला होता. त्या सदस्यांच्या मते समितीने तो फक्त पाहिला होता, मान्य केलेला नव्हता. अंतर्गत लेखापरीक्षकाच्या मते निर्णयच झाला नव्हता, म्हणजे जुनं रेटिंग २० च कायम होतं. तिघांकडेही आधार तोच होता, माझं वाक्य.

सप्टेंबरमध्ये ड्रिल झालं. चार तासांत पर्यायी केंद्रावरून व्यवहार सुरू करायचे असं उद्दिष्ट होतं, लागले अकरा तास. डेटा वेळेवर पोहोचला होता, पण काही शाखांच्या लाइन जुन्याच पत्त्यावर जोडलेल्या होत्या आणि त्या एकेक करून बदलाव्या लागल्या. करार ही गोष्ट पकडूच शकत नव्हता, ती ड्रिलमध्येच कळणार होती. रेटिंग पुन्हा २० वर गेलं. मग प्रश्न उभा राहिला : जून ते सप्टेंबर जोखीम खरोखर पिवळी होती, की फक्त कागदावर?

उपाय अपुरा असताना रेटिंग उतरवावं का, हा वाद फक्त आमच्याकडचा नव्हता. व्यवस्थापनाची बाजूही पोकळ नाही. खर्च झाला, करार झाला, माणसं लागली, तरी रकाना लालच राहिला तर पुढच्या वर्षी पैसे मागायचे कशाच्या जोरावर? शिवाय सगळंच लाल दिसलं की समितीला खरं लाल ओळखू येत नाही. पण हा युक्तिवाद प्रगतीबद्दल आहे, जोखमीबद्दल नाही. केंद्र आज बंद पडलं तर काय होईल, याला कालच्या सहीने फरक पडत नाही. त्यातही करारामुळे केंद्र बंद पडण्याची शक्यता कमी होतच नव्हती. पर्यायी केंद्र परिणाम कमी करतं, म्हणजे ५ चा आकडा बदलायला हवा होता, ४ चा नव्हे. गुणाकार केला की हा फरक बुजतो : २ गुणिले ५ आणि ५ गुणिले २, दोन्ही १०, रंगही तोच.

शेवटी तोडगा निघाला तो रकाने वाढवून. मूळ रेटिंग म्हणजे कुठलाही उपाय नसताना, आजचं रेटिंग म्हणजे चाचणी झालेल्या उपायांनंतर, आणि अपेक्षित रेटिंग म्हणजे चालू कामं पूर्ण झाल्यावर. करार झाला की अपेक्षित रकाना भरायचा, आजच्याला हात लावायचा नाही. नोंदवही चाळताना खोट कुठे आहे हे ओळखायची एक साधी खूणही तेव्हाच सापडली. काम पूर्ण होण्याची तारीख दोनदा पुढे गेलेली आणि त्याच ओळीचं आजचं रेटिंग खाली आलेलं दिसलं, तर तिथे थांबून विचारायचं.

ओनर या शब्दाचा गुंता वेगळा. त्याचं ‘मालक’ असं भाषांतर कोणी केलं नाही, कारण सहकारी बँकेत मालक म्हणजे सभासद. ‘जबाबदार अधिकारी’ असं लिहिलं गेलं आणि लोक बिचकले. आपल्याकडे ‘याला जबाबदार कोण’ हा प्रश्न चूक झाल्यावरच विचारतात. २००९ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत ओनरकडे उत्तरदायित्व आणि अधिकार दोन्ही असावेत असं आहे. मराठीत पहिलं आलं, दुसरं वाटेत राहिलं. म्हणून नाव टाळून विभाग लिहायची पद्धत पडली. जोखीम १४ मध्ये ‘आयटी’ लिहिलं होतं. आयटीच्या मुख्याधिकाऱ्याला ड्रिल करता येत होतं, पण एक दिवस शाखांचं काम पर्यायी केंद्रावर वळवायचा हुकूम तो देऊ शकत नव्हता. तो अधिकार कामकाज विभागाच्या महाव्यवस्थापकाकडे होता आणि ते दोन वेळा तिमाहीअखेरीचं कारण देऊन नाही म्हणाले होते. म्हणजे जोखमीचा ओनर महाव्यवस्थापक, त्यातल्या एका कामाचा ओनर आयटीचा अधिकारी. दोन माणसं, दोन रकाने. ही फोड करायला दोन बैठका गेल्या.

त्यानंतरच्या इतिवृत्तातली नोंद अशी होती : ‘जोखीम १४. व्यवस्थापनाने आजचे रेटिंग २० वरून १० करण्याचा प्रस्ताव ठेवला. ड्रिलमध्ये ११ तास लागल्याने समितीने तो अमान्य केला. आजचे रेटिंग २०, अपेक्षित ८. जोखमीचे ओनर : महाव्यवस्थापक, कामकाज. शाखांच्या लाइन बदलणे : मुख्याधिकारी, आयटी. पुढील ड्रिलचा अहवाल पुढील बैठकीत.’ कर्ता आला, कारण आलं, अमान्य हा शब्द आला. त्या शब्दावर मसुद्याच्या सात दिवसांत दोन हरकती आल्या. एकाला ‘पुढे ढकलला’ हवं होतं, दुसऱ्याला अर्थातच ‘नोंद घेण्यात आली’. अध्यक्षांनी मसुदा आहे तसा ठेवला.

जुलै २०२४ च्या अखेरीस एका सामायिक तंत्रसेवा पुरवठादारावर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून सुमारे ३०० छोट्या बँका काही काळ देशाच्या किरकोळ पेमेंट व्यवस्थेपासून वेगळ्या केल्या गेल्या. आपलं संगणक केंद्र शाबूत असूनही त्यांचे ग्राहक यूपीआय वापरू शकत नव्हते. पुढच्या बैठकांत बहुतेक नोंदवह्यांत पुरवठादाराची वेगळी ओळ आली. काही ठिकाणी तिच्या ओनरच्या रकान्यात ‘व्हेंडर’ असं लिहिलेलं आहे.