फेसबुक काढलं की इन्स्टाग्रामही जातं?

"दोन्ही खाती जोडलेली असतील तर फेसबुक डिलीट केल्यावर इन्स्टाग्रामही उडतं."

उडत नाही. Accounts Center, म्हणजे दोन्ही खात्यांची सेटिंग एकत्र सांभाळायची जागा, हा फक्त सामाईक दरवाजा आहे, खाती वेगवेगळीच असतात. भीतीचं मूळ दुसरीकडे आहे: अनेकजण इन्स्टाग्राम फेसबुकच्याच लॉगिनने उघडतात. फेसबुक गेलं की ती वाट बंद होते आणि खातं असूनही हाती लागत नाही.

पंचवटीतल्या आमच्या मावशी इन्स्टाग्रामवर नागलीचे पापड विकतात. त्यांना फक्त फेसबुक नको होतं. आधी इन्स्टाग्रामचा स्वतंत्र पासवर्ड ठेवला, ईमेल आणि मोबाइल नंबर चालू आहेत ना ते पाहिलं. मग भाच्याच्या फोनवर फेसबुकचं बटण न दाबता लॉगिन केलं. खरी तपासणी हीच. इथे अडलात तर पुढे जाऊ नका.

नंतर Accounts Center मध्ये Accounts उघडून एक खातं Remove केलं. पोस्ट, फॉलोअर तसेच राहिले; एकत्र लॉगिन आणि इकडची पोस्ट आपोआप तिकडे जाणं थांबलं. डिलीट करताना यादीतून चुकीचं खातं निवडलं जाण्याचा धोकाही टळला, आणि माझ्या मते वेगळं करण्याचा मोठा फायदा तोच.

फेसबुक डिलीट केल्यावर 30 दिवसांची मुदत असते. त्यात लॉगिन करून विनंती रद्द करता येते. मेसेंजर मात्र फेसबुकसोबत जातं, आणि एखाद्या पेजचे तुम्ही एकटेच अॅडमिन असाल तर तेही. त्यामुळे आधी दुसरा अॅडमिन नेमा.