फॅन थांबतच नाही: तापणाऱ्या लॅपटॉपमागची पार्श्वभूमी

लॅपटॉप तापतोय आणि फॅन दिवसभर घोंघावतोय असं कुणाला सांगितलं की पहिलं उत्तर ठरलेलं, धूळ साचली असेल, उघडून साफ करून घे आणि चिपची उष्णता धातूत उतरवणारी पेस्ट बदलून टाक. सल्ला चुकीचा नाहीये, पण तो ज्या काळातला आहे त्या काळात फॅन जोरात फिरण्याचं जवळपास एकच कारण असायचं. आता तसं राहिलं नाही, आणि का राहिलं नाही ते कळलं की तपासायचं कसं हेही आपोआप कळतं.

९० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक लॅपटॉपमध्ये फॅनच नसायचा, ३८६-४८६ प्रोसेसरची उष्णता पत्र्यातून नि प्लॅस्टिकमधून बाहेर जायची तेवढी पुरे. १९९३ ला पेंटियम आला आणि चित्र पालटलं, मग हीट पाइप (आत थोडं पाणी असलेली तांब्याची बंद नळी, गरम टोकाला वाफ होते आणि थंड टोकाला परत पाणी), तिच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी, आणि जाळीवर वारा मारणारा छोटा फॅन असा संसार लॅपटॉपमध्ये थाटला गेला. तो आजही तसाच आहे. धूळ अडकते ती नेमकी फॅन आणि जाळीच्या मधल्या फटीत, तिथे तिची चक्क गोधडी होते, म्हणून बाहेरून कितीही ब्रश फिरवला तरी काही होत नाही.

पण फॅन कधी फिरवायचा हे ठरवणार कोण? इथे एक तारीख महत्त्वाची, डिसेंबर १९९६. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचं मानक काढलं. त्यात तापमानाच्या पायऱ्या ठरवायची सोय होती, एका पायरीला फॅन चालू करायचा, एका पायरीला प्रोसेसरचा वेग कमी करायचा, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद. यातली कुठली पायरी आधी ठेवायची ते लॅपटॉप बनवणारा ठरवू शकतो, म्हणजे आवाज आधी की वेग आधी हा त्याचा चॉइस. म्हणूनच सारखाच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप, एक शांत आणि मंद, दुसरा फास्ट आणि कर्कश, आणि बिघाड दोन्हीत नाही असं होऊ शकतं.

२००१ साली टॉम्स हार्डवेअर या साइटने एक व्हिडिओ टाकला होता, तेव्हाच्या कॉम्प्युटरवेड्या पोरांना तो अजून आठवत असेल. चालू कॉम्प्युटरवरून प्रोसेसरचा हीटसिंकच, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलून काढला. एएमडीचा ॲथलॉन काही सेकंदात जळून गेला, पेंटियम ४ मात्र गेम मंद करून चालूच राहिला कारण तापमान वाढलं की स्वतःचा वेग तोडायची सोय चिपमध्येच होती. पुढे ही सोय सगळीकडे आली, चिप जळणं जवळपास थांबलं, पण त्यामुळे एक घोळही झाला. पूर्वी कूलिंग बिघडलं की मशीन बंद पडायचं आणि लगेच कळायचं, आता ते मुकाट्याने हळू होतं आणि लोक म्हणतात, लॅपटॉप जुना झाला.

आता २००८. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मजेदार भाग हा. त्या वर्षी जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की आधीच्या पिढीतल्या काही लॅपटॉप ग्राफिक्स चिप्स नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडतायत, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. चिप आणि तिच्या खालच्या पट्टीला जोडणारे सोल्डरचे बारीक ठिपके तडकत होते. ते नुसत्या उष्णतेने तडकत नाहीत, गरम-थंड, गरम-थंड अशा हेलकाव्यांनी तडकतात, दोन्ही पदार्थ वेगवेगळे प्रसरण पावतात आणि मधला सांधा रोज थोडा थोडा मोडतो. मग डेल आणि एचपीने काय केलं, तर बायोसचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमचं, अपडेट दिलं, ज्याने फॅन आधी सुरू व्हायला आणि जास्त वेळ फिरायला लागला, म्हणजे तापमानाचे हेलकावे कमी होतील. मूळ दोष यातून जात नव्हताच, फार तर लांबणीवर पडत होता. पण बघा, अपडेट टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून फॅन गप्प बसेना, आणि धूळ तर काहीच नाही! त्यामुळे आजही आवाज नेमका कधीपासून सुरू झाला हा प्रश्न आधी विचारावा. हळूहळू काही महिन्यांत वाढला तर धूळ किंवा पेस्ट, एका रात्रीत सुरू झाला तर बायोस, विंडोज अपडेट किंवा नवं टाकलेलं काहीतरी.

(याच काळात लोक मदरबोर्ड काढून ओव्हनमध्ये भाजायचे, चिप परत चालू व्हायची, काही आठवड्यांनी परत बंद. तडकलेला सांधा तात्पुरता टेकायचा एवढंच, उगाच कुणी आता करू नका.)

त्याच वर्षाच्या शेवटी टर्बो आला, आधी डेस्कटॉपच्या कोअर आय७ मध्ये आणि २००९ मध्ये लॅपटॉपमध्ये. कल्पना अशी की तापमानाला आणि वीजेला जागा शिल्लक असेल तर ती वाया का घालवा, एकच कोअर काम करत असेल तर त्याला जास्त वेगाने पळवा. याने उष्णतेचा अर्थच बदलला. ज्याच्या माहितीपत्रकात १५ वॉट लिहिलंय तो प्रोसेसर काही सेकंद ४० वॉटच्या आसपास जाऊ शकतो, तापमान ९५ ला टेकतं, फॅन ओरडतो, आणि हे सगळं ठरवल्याप्रमाणे चाललेलं असतं. इंटेलच्या लॅपटॉप चिप्सची मर्यादा बहुधा १०० डिग्री असते. म्हणजे नुसता ९५ चा आकडा बघून काहीच निदान होत नाही, आणि नेटवर लोक नुसतं तापमानच विचारत बसतात.

त्याच्यासोबत बघायचा दुसरा आकडा म्हणजे वॉट. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून इंटेलच्या चिप्स आपण किती वीज खातोय ते स्वतःच सांगतात, HWiNFO सारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये तो CPU Package Power या नावाने दिसतो, एएमडीच्या नव्या चिप्समध्येही असाच आकडा मिळतो. तो अंदाजाचा असतो, मीटरसारखा काटेकोर नाही, पण आपल्याला २ की १२ एवढंच हवंय. उघडे असलेले सगळे प्रोग्रॅम बंद करून दहा मिनिटं थांबा आणि बघा. वॉट कमी (२-३) आणि तरी तापमान ७०-७५ नि फॅन जोरात, तर उष्णता बाहेर जात नाहीये, म्हणजे धूळ, वाळलेली पेस्ट किंवा फॅन. वॉटच जास्त असेल तर कूलिंग बिचारं आपलं काम करतंय, उष्णता कुणीतरी फुकट तयार करतंय आणि लॅपटॉप उघडून उपयोग नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचे वॉटही बघा, कारण बहुतेक वेळा दोघांची जाळी एकच असते.

कूलिंगचाच दोष असेल तर धूळ की पेस्ट हे हाताने कळतं. झरोक्याशी हात धरा. वारा क्षीण पण गरम असेल तर जाळी तुंबलीय. वारा भरपूर पण गारच, आणि आत मात्र ९५, तर उष्णता चिपवरून तांब्यापर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे पेस्ट गेली किंवा हीटसिंकचा स्क्रू ढिला. आणि खोलीचं तापमान जवळपास जसंच्या तसं वर चढतं, पुण्यात जानेवारीत ७० दाखवणारा लॅपटॉप नागपूरला मे महिन्यात कूलरशिवाय तेवढ्याच कामाला ८५ दाखवणार, त्याला बिघाड म्हणू नये.

माझ्या बहिणीचं उदाहरण देतो. २०१९ चा पातळ लॅपटॉप, १५ वॉटचा आय५, चार कोअर आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं चालवणारा. दुकानात दोनदा साफ करून घेतला, एकदा पेस्टही बदलली, फॅन तसाच. दुकानवाला म्हणाला, "ताई, आता मदरबोर्डच बघायला लागेल." मी गेलो तेव्हा खोलीत ३० डिग्री होतं, काहीही उघडं नसताना प्रोसेसर १२ वॉट खात होता आणि तापमान ७२. म्हणजे १२ वॉटला ४२ डिग्रीची वाढ, वॉटमागे साडेतीन. मग मुद्दाम पूर्ण लोड दिला, १५ वॉटवर स्थिरावल्यावर ८३, हिशोब पुन्हा तोच साडेतीन. तुंबलेलं असतं तर पूर्ण लोडला थेट १०० ला भिडून वॉट खाली पडले असते. कूलिंग ठणठणीत होतं.

मग १२ वॉट खातंय कोण? टास्क मॅनेजरच्या Details टॅबमध्ये spoolsv.exe समोर 12 दिसत होतं. बहीण म्हणाली, "अरे, बाराच टक्के तर आहे." गोम इथेच आहे. आठ थ्रेडमधला एक पूर्ण भरला की तो साडेबारा टक्केच दिसतो, आणि टर्बोमुळे तो एकटा कोअर सगळ्यात वरच्या वेगाला जाऊन बसतो, जिथे व्होल्टेज जास्त आणि वीज सगळ्यात महाग. २००८ च्या आधीच्या चिपवर हाच अडकलेला प्रोग्रॅम कमी वेगात फिरत राहिला असता, फॅन कदाचित इतका ओरडलाही नसता.

spoolsv म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा, तिच्यात एक प्रिंट अडकली होती. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून हे केलं (यात रांगेतल्या सगळ्याच प्रिंट उडतात, हे लक्षात घ्या):

```
net stop spooler
del /Q %systemroot%\System32\spool\PRINTERS\*
net start spooler
```

पाच मिनिटांत वॉट २ वर आले, तापमान ४५ च्या खाली, आणि फॅन थांबला. तो प्रिंटर तिने दोन वर्षांपूर्वीच भंगारात दिला होता.