लंडनचा भाव: बंद खोली नव्हे, लिलाव

“लंडनमध्ये पाच बँकवाले बंद खोलीत बसून सोन्याचा भाव ठरवतात ना?” नागपूरच्या इतवारीतल्या सराफा ओळीत हे मी कितीदा ऐकलंय.

ती खोली होती, १९१९पासून. पण २००४ नंतर बैठक फोनवर गेली आणि मार्च २०१५मध्ये ती पद्धतच बंद झाली. आता लंडनच्या वेळेनुसार सकाळी १०:३० आणि दुपारी ३ वाजता संगणकावर लिलाव होतो. उन्हाळ्यात तेव्हा नागपुरात दुपारचे ३ आणि संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात.

समजा, पुकारलेला भाव औंसाला २,४०० डॉलर. ३० सेकंदांच्या फेरीत मागणी ९०,००० औंस आली, विक्री ६०,०००. फरक मोठा, म्हणून भाव २,४०१ करून पुन्हा फेरी. आता ७५,००० विरुद्ध ६८,०००. फरक साधारण १०,००० औंसांच्या आत आला की भाव पक्का! उरलेला फरक लिलावात सहभागी संस्था आपसांत वाटून घेतात.

खाणी आणि रिफायनऱ्यांचे मोठे करार याच आकड्यावर मिटतात, म्हणून व्यापाऱ्यांची त्यावर नजर असते. इतवारीचा भाव मात्र त्यात रुपयाचा दर, आयात शुल्क आणि जीएसटी मिसळूनच बनतो.