साठ टक्के कशाचे?

सर्वेक्षणाचा अहवाल हातात आला की मी आधी टक्केवारी वाचत नाही. विचारलं किती जणांना, ते कसे निवडले आणि उत्तर किती जणांनी दिलं, हे तीन आकडे शोधतो. बहुतेक अहवालांत ते शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असतात आणि काहींत नसतातच. त्याशिवाय मुख्य निष्कर्षाला काही अर्थ नसतो, म्हणून त्यांची जागा पहिल्या परिच्छेदात आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वाचनालयाचे ६,००० सभासद आहेत. वाचनालय संध्याकाळी दोन तास जास्त उघडं ठेवावं का, हे कार्यकारिणीला जाणून घ्यायचं आहे. सभासदांच्या यादीतून ८०० नावं चिठ्ठ्या टाकून काढली आणि प्रत्येकाला प्रश्नावली पाठवली. ३२० जणांनी ती भरून दिली, त्यातल्या १९२ जणांनी ‘हो’ म्हटलं.

मोह होतो तो ‘६० टक्के सभासदांना जास्त वेळ हवा’ एवढंच लिहायचा. पण हे ६० टक्के सभासदांचे नाहीत, उत्तर देणाऱ्यांचे आहेत. म्हणून अहवालाची सुरुवात अशी हवी: ‘६,००० सभासदांतून चिठ्ठ्या टाकून ८०० निवडले, ३२० जणांनी, म्हणजे ४० टक्के लोकांनी, उत्तर दिलं.’ लगेच खाली प्रश्न जसा विचारला तसा, शब्दशः. ‘जास्त वेळ हवा का?’ आणि ‘वर्गणी थोडी वाढली तरी जास्त वेळ हवा का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि यातला कोणता विचारला होता हे वाचकाला कळायलाच हवं.

मग निष्कर्ष, आणि त्याला चिकटूनच त्याची चूक-मर्यादा. ३२० उत्तरांवर ६० टक्के आले, तर ही मर्यादा दोन्ही बाजूंना साधारण ५ टक्क्यांची असते. चिठ्ठ्या पुन्हापुन्हा टाकून असे शंभर नमुने घेतले, तर त्यातल्या सुमारे ९५ नमुन्यांत खरा आकडा अशा पट्ट्यात सापडेल. इथे तो पट्टा ५५ ते ६५ असा येतो. बहुमत ‘हो’च्या बाजूने आहे असं वाटतं.

इथेच बरेच अहवाल थांबतात, आणि मला सर्वांत जास्त खटकतं ते इथेच. ही चूक-मर्यादा फक्त चिठ्ठ्यांच्या योगायोगाची आहे. ज्या ४८० जणांनी उत्तरच दिलं नाही, त्यांच्याबद्दल ती काहीच सांगत नाही. नमुना मोठा केल्याने हा दोष जात नाही. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या, त्यावरून लँडन अध्यक्ष होतील असा अंदाज त्यांनी छापला, आणि निवडून आले रूझवेल्ट, तेही प्रचंड फरकाने. पत्ते टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, शिवाय मतपत्रिका परत पाठवणारे न पाठवणाऱ्यांसारखे नव्हते.

आपल्या वाचनालयाकडे मात्र हे तपासायचं साधन आहे: पुस्तकांच्या देवघेवीची नोंदवही. समजा, निवडलेल्या ८०० पैकी २८० जण, म्हणजे ३५ टक्के, गेल्या महिन्यात येऊन गेले होते. उत्तर देणाऱ्या ३२० मध्ये मात्र असे १७६ निघाले, म्हणजे ५५ टक्के. नेहमी येणाऱ्यांनी जास्त उत्साहाने प्रश्नावली भरली. त्यांच्यात ‘हो’ म्हणणारे १२३ होते, सुमारे ७० टक्के. न येणाऱ्या १४४ मध्ये ६९, सुमारे ४८ टक्के.

आता दोन्ही गटांना त्यांच्या खऱ्या प्रमाणाइतकं वजन द्यायचं: ७० चे ३५ टक्के आणि ४८ चे ६५ टक्के. बेरीज सुमारे ५६ येते. पट्टाही थोडा रुंदावतो, साधारण ५० ते ६२. मघाचं ठाम बहुमत आता काठावर आलं.

म्हणून ही उणीव शेवटच्या ‘मर्यादा’ या मथळ्याखाली ढकलणं मला अप्रामाणिक वाटतं. जी उणीव आकडा बदलते, ती आकड्याच्या शेजारीच हवी: ‘उत्तर देणाऱ्यांत ६० टक्के, नियमित येणाऱ्यांचं जास्तीचं प्रमाण दुरुस्त केल्यावर ५६.’ शेवटच्या भागासाठी उरते ती आकड्यात न मावणारी शंका. वजन दिल्याने नेहमी येणारे आणि न येणारे यांच्यातली तफावत सुधारते. पण न येणाऱ्यांतही उत्तर देणारे आणि गप्प राहणारे सारखेच असतील, हे आपण फक्त धरून चाललो आहोत. ते तसंच लिहावं. आणि सवड असेल, तर अहवाल छापण्याआधी त्या ४८० मधून पुन्हा चिठ्ठ्या टाकून पन्नासेक नावं काढावीत, त्यांना फोन करावेत, आणि त्यांचं उत्तर वेगळ्या ओळीत, किती जणांनी फोन उचलला त्या आकड्यासह द्यावं.