माणूस लपवावा की तारीख?

गूगल फोटोज जुन्या छायाचित्रांच्या ज्या आठवणी आपोआप जुळवून दाखवते, त्यांतून नको असलेली छायाचित्रे वगळण्यासाठी 'Hide people & pets' आणि 'Hide dates' असे दोन पर्याय आहेत. शेजारी शेजारी असल्यामुळे ते एकाच कामाचे वाटतात आणि बहुतेक जण पहिला निवडून निर्धास्त होतात. वास्तविक पहिला पर्याय चेहरा पाहतो, तर दुसरा छायाचित्रावर नोंदलेली तारीख.

समजा, वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये बारा दिवस रुग्णालयात होते आणि तिथेच गेले. त्यांचा चेहरा लपवला, तर त्या दिवसांतील ओळखू येणारी छायाचित्रे थांबतील. पण प्राणवायूच्या मास्कमुळे अर्धा झाकलेला चेहरा, पाठमोरी आकृती किंवा रिकामी खाट यांत अ‍ॅपला वडील दिसतीलच असे नाही, आणि नेमके तेच छायाचित्र एखाद्या सकाळी समोर येऊ शकते. शिवाय त्याच चेहऱ्याबरोबर त्यांची हसरी, लग्नकार्यातली छायाचित्रेही आठवणींतून जातात, जी अनेकांना हवीच असतात. अशा प्रसंगी तारीख लपवणे मला अधिक योग्य वाटते. उजवीकडे वरच्या कोपऱ्यातील आपल्या चित्रावर टिचकी मारून फोटोजच्या सेटिंगमध्ये जावे, तेथे 'Preferences' खालील 'Memories' उघडावे आणि 'Hide dates' मध्ये त्या बारा दिवसांची सुरुवातीची व शेवटची तारीख वर्षासह भरावी. नाते तुटलेले असेल आणि ती व्यक्ती दहा वर्षांच्या छायाचित्रांत विखुरलेली असेल, तर मात्र चेहऱ्याचाच पर्याय उपयोगाचा.

तारखेच्या पर्यायालाही एक फट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या छायाचित्रात मूळ कॅमेऱ्याची तारीख राहत नाही. भावाने जूनमध्ये पाठवलेले एप्रिलचे छायाचित्र जूनच्याच दिवशी बसते आणि लपवलेल्या बारा दिवसांतून निसटते. फाईलच्या नावावरून हे ओळखता येते: IMG-20210618-WA0007 या नावातील तारीख छायाचित्र काढल्याची नसून ते फोनवर आल्याची असते. अशा छायाचित्राची तारीख त्याच्या तपशिलात जाऊन दुरुस्त करावी, म्हणजे ते लपवलेल्या काळात जाऊन बसते. (आपण वर्षश्राद्ध तिथीने करतो, अ‍ॅप मात्र इंग्रजी तारखेने चालते, त्यामुळे घरी तयारी नसलेल्या दिवशीच आठवण येऊन धडकते.)

या दोन्ही पर्यायांनी छायाचित्र पुसले जात नाही. ते संग्रहात आणि शोधात तसेच सापडते. फेसबुकच्या 'Memories' मध्येही माणूस आणि तारीख लपवण्याची अशीच जोडी आहे, पण तिची यादी वेगळी भरावी लागते, कारण एका अ‍ॅपमध्ये लपवलेले दुसऱ्याला कळत नाही.