चालक पळाला, की गाडीच सापडली नाही?

बातमीत दोन्हींना ‘हिट अँड रन’च म्हणतात. धडक देऊन चालक पळाला की झाले. भरपाईचा कायदा मात्र चालक पळाला की थांबला हे बघत नाही, गाडी कोणती होती हे कळले की नाही, एवढेच बघतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 145 नुसार वाजवी प्रयत्न करूनही गाडीची ओळख पटली नाही, तरच तो अपघात ‘हिट अँड रन’. चालक फरार आहे पण नंबर मिळाला, तर तो नेहमीचा अपघात दावा. या फरकाने किती रक्कम इकडची तिकडे होते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

अकोले तालुक्यातला 34 वर्षांचा रंगारी, महिन्याची कमाई 18 हजार. घरी बायको, दोन मुले आणि आई. रात्री संगमनेरजवळ महामार्गावर त्याला एका गाडीने उडवले आणि तो जागीच गेला.

समजा, टोलनाक्याच्या कॅमेऱ्यावरून गाडी सापडली. मग कुटुंब कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते. चालक, मालक आणि विमा कंपनी असे तिघे प्रतिवादी. चालक अजून फरार असला, तरी दावा अडत नाही. वर्षाची कमाई 2,16,000. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी त्यात 40 टक्के मिळवायचे, झाले 3,02,400. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले 2,26,800. या वयाचा गुणक 16. गुणाकार येतो 36,28,800 रुपये, आणि अंत्यसंस्कार वगैरेंच्या ठरावीक रकमा वेगळ्या. अर्थात कमाई शाबीत करावी लागते, चालकाचा हलगर्जीपणाही, आणि निकालाला वर्षे लागू शकतात. दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी तिच्या आतच दावा टाकावा.

आता समजा, गाडी सापडलीच नाही. मग मिळतात सरसकट 2 लाख, मृताचे वय आणि कमाई काहीही असो. गंभीर दुखापत असेल तर 50 हजार. किरकोळ जखमेला काही नाही. 1 एप्रिल 2022 पूर्वी हे आकडे 25 हजार आणि साडेबारा हजार होते.

इथे कोर्ट नाही, वकीलही लागत नाही. अर्ज जातो तहसीलदार किंवा प्रांताकडे, आणि तोही अपघात झाला त्या तालुक्याच्या. म्हणजे कुटुंब अकोल्याचे असले तरी अर्ज संगमनेरला. सोबत एफआयआर, शवविच्छेदनाचा अहवाल (जखमी असेल तर दुखापतीचा), ओळखपत्र, पासबुकाची प्रत आणि ठरलेल्या नमुन्यातले हमीपत्र. या चौकशी अधिकाऱ्याने महिन्याभरात जिल्हाधिकाऱ्यांकडे अहवाल द्यायचा, त्यांनी 15 दिवसांत मंजुरी द्यायची आणि पुढच्या 15 दिवसांत विमा कंपन्यांच्या जनरल इन्शुरन्स कौन्सिलने पैसे खात्यात टाकायचे, असा नियम आहे.

घोडे अडते ते याच्याही आधी. असा हक्क आहे हेच कुणी सांगत नाही. 2022 साली देशात 67,387 हिट अँड रन अपघात नोंदले गेले, आणि 2022-23 या आर्थिक वर्षात अर्ज आले अवघे 205. त्यातले निकाली निघाले 95. म्हणून जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनाच कामाला लावले: गुन्हा नोंदल्यापासून महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर या योजनेची माहिती कुटुंबाला लेखी कळवायची. असे पत्र आले नसेल तर ठाण्यात जाऊन मागावे. ‘तपास चालू आहे’ म्हणत कित्येक जण ‘अ समरी’ची, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही या अहवालाची, वाट बघत बसतात. तोवर अर्ज अडवून ठेवण्याचे कारण नाही.

‘2 लाख घेतले आणि उद्या गाडी सापडली तर?’ हा प्रश्न हमखास येतो. तेव्हाही न्यायाधिकरणाची दारे उघडीच राहतात. कलम 163 नुसार आधी मिळालेली रक्कम तेवढी परत वळती होते. आपल्या उदाहरणात 36 लाखांतले 2 लाख जातील, बाकीचे कुटुंबाचे.

या दोन आकड्यांमधल्या दरीतच एक धंदा पोसला जातो. गाडी सापडत नाही म्हटल्यावर कुणीतरी ‘हितचिंतक’ विमा असलेली एखादी ओळखीची गाडी ‘दाखवून’ द्यायला तयार असतो. सुरुवातीच्या एफआयआरमध्ये अज्ञात वाहन, आणि काही महिन्यांनी अचानक नंबर आठवलेला साक्षीदार: विमा कंपनीचे तपासनीस सगळ्यात आधी हीच विसंगती शोधतात. गाडीवर धडकेची खूण नाही, त्या रात्री ती भलत्याच गावी होती, असे निघाले की दावा फेटाळला जातो आणि अर्जदारावरच फसवणुकीचा गुन्हा दाखल होऊ शकतो. शिवाय खोट्या गाडीमुळे नोंदीपुरते वाहन ‘सापडलेले’ असल्याने हक्काचे 2 लाखही अडकतात.