रांग ओलांडताना वेळ कुणाचा जातो?

समजा, पॉलियुरेथेन कोटिंग बनवणारा एक कारखाना आहे. सकाळी पाळी बदलताना कळतं, की सॉल्व्हंटच्या टाकीच्या व्हेंटचं झाकण रात्रभर उघडं होतं, आणि रात्री पाऊस झाला. टाकीत इथाइल अ‍ॅसिटेट आहे. त्यात पाणी मिसळलं असेल, तर कोटिंगमधलं आयसोसायनेट त्या पाण्याशी अभिक्रिया करतं, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि वाळलेल्या थरावर बारीक फोड दिसू लागतात. उद्या सकाळी ६ ची बॅच याच सॉल्व्हंटवर चालायची आहे. उत्पादन विभागातल्या माणसाला आज निकाल हवा आहे. पण लॅब त्याच्या हाताखाली नाही, लॅबप्रमुख त्याला उत्तर द्यायला बांधील नाहीत आणि त्याच्या नमुन्यापुढे आठ नमुने उभे आहेत.

असा माणूस बहुतेक वेळा लिहितो, "अत्यंत तातडीचे, कृपया प्राधान्य द्यावे." ही विनंती का फसते, हे समजायला रांगांचं गणित उपयोगी पडतं.

एका नमुन्याच्या सगळ्या चाचण्यांना सरासरी २ तास लागतात असं धरू. पुढे आठ नमुने आहेत, म्हणजे आपला नंबर १६ तासांनी येणार. आपल्याला सगळ्यांच्या पुढे घेतलं तर आपले १६ तास वाचतात. पण मागे सरकलेल्या आठही जणांना प्रत्येकी २ तास जास्त थांबावं लागतं. आठ दुणे सोळा. प्राधान्याने वेळ निर्माण होत नाही, तो एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ मध्ये रांगांसाठी जो अक्षय्यतेचा नियम मांडला, त्याचं साधं रूप हेच आहे. म्हणजे आपण लॅबकडे जे मागतोय, ते खरं तर लॅबचं नाहीच. ते रांगेतल्या इतर आठ जणांचं आहे.

मग मागायचं तरी कसं? रांगशास्त्रात यासाठी एक जुना नियम आहे: कामाला उशीर झाला तर तासाला किती नुकसान, याला त्या कामाला लागणाऱ्या वेळाने भागा, ज्याचा भागाकार मोठा, ते काम आधी करा. तातडी सांगताना आपण सगळे वरच्या आकड्यावर जोर देतो. नुकसान किती मोठं आहे, साहेब किती चिडलेत, ग्राहक किती महत्त्वाचा आहे. खालचा आकडा मात्र कुणी बघत नाही. मला तर हा खालचा आकडाच जास्त मोलाचा वाटतो, कारण तो बराचसा मागणाऱ्याच्या हातात असतो.

आपल्या टाकीचंच बघा. सॉल्व्हंटची शुद्धता, आम्लता, रंग, घनता, हे सगळं आज दुपारी माहीत असायची गरज नाही. निर्णय फक्त एका प्रश्नावर अडलाय: पाणी शिरलं का? त्याला कार्ल फिशर टायट्रेशन पुरतं. १९३५ पासूनची ही पद्धत आहे. नमुन्यातलं पाणी आयोडीन खातं, आणि किती आयोडीन संपलं त्यावरून पाण्याचं प्रमाण कळतं. दोनदा मोजून खात्री केली तरी साधारण २० मिनिटांचं काम. आता हिशोब पुन्हा मांडा. आपले जवळपास १६ तास वाचतात, आणि आठ जणांचे मिळून १६० मिनिटं, म्हणजे २ तास ४० मिनिटं जातात. मागणी लहान केली तशी तिची किंमत सहापट उतरली.

त्यातही एक बारकावा आहे. गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे जीसीवर, नमुना चढवला, की यंत्र बराच वेळ आपलं आपण चालतं आणि विश्लेषकाचा हात मोकळा होतो. त्या फटीत कार्ल फिशर उरकलं तर इतरांचं जवळपास काहीच जात नाही. उलट विश्लेषकाला मांडलेलं काम मोडून नव्याने जुळवाजुळव करावी लागली, तर तो जादा वेळ सगळ्या रांगेला भरावा लागतो, आणि वरचा साधा हिशोब कोलमडतो. अशी फट नेमकी कधी येते, हे फक्त लॅबलाच माहीत असतं. म्हणून ते विचारायचं.

मग विनंती अशी होते:

"मॅडम, टाकी २ च्या तळाच्या नमुन्यात पाण्याचं प्रमाण तपासून हवं आहे, फक्त कार्ल फिशर. ०.०५ टक्क्यांच्या आत असेल तर उद्या ६ ची बॅच घेतो. जास्त निघालं तर आज दुपारी ४ पर्यंत मला बदली ड्रम मागवावे लागतील. ४ नंतरच्या निकालाचा उपयोग नाही, तसं होणार असेल तर आधी सांगा, मी बॅच पुढे ढकलतो. बाकी चाचण्या नंबराप्रमाणे झाल्या तरी चालतील. जीसी चालू असताना २० मिनिटं निघतील का? नमुना मी स्वतः आणून देतो."

"४ नंतर उपयोग नाही" हे वाक्य अनेकांना धोक्याचं वाटतं, कारण त्याने नकाराची वाट मोकळी होते. पण विश्वास बसतो तो याच वाक्याने. खरी मुदत असलेल्या माणसालाच ती उलटून गेल्यावर काय करायचं हे माहीत असतं.

कारणाच्या खरेपणाबद्दल एक जुना प्रयोग आहे. १९७८ मध्ये एलन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोटोकॉपी यंत्रापाशी उभ्या असलेल्यांना पुढे जाऊ देण्याची विनंती करून पाहिली. पाचच पानं काढायची असताना "मला प्रती काढायच्या आहेत" असं पोकळ कारणही खऱ्या कारणाइतकंच चाललं. वीस पानं म्हटल्यावर मात्र पोकळ कारण आणि कारणच न देणं, दोन्हीला २४ टक्के होकार मिळाला. खऱ्या कारणाला ४२ टक्के. विनंती महाग झाली की ऐकणारा कारण तपासू लागतो. "तातडीचे आहे" हे वीस पानांसाठी दिलेलं पोकळ कारण आहे.

आता समजा मॅडम म्हणाल्या, "फट नाही, पुढचा नमुना पॅकिंगवाल्यांचा आहे, तेही घाईत आहेत." इथे वाद घालून काही होत नाही. पॅकिंगचा उशीर महाग की आपला, हे त्यांना ठरवता येणार नाही. दोन्हीकडचं नुकसान त्यांना दिसतच नाही. ते ठरवू शकतो पॅकिंगचा माणूस. त्यालाच फोन करायचा: "तुमच्या आधी माझी २० मिनिटं घेतली तर चालेल का?" तो हो म्हणाला, तर लॅबवरचा निवाड्याचा भार उतरतो. वरिष्ठांना प्रत लावली तर तोच भार वाढतो.

शेवटची मर्यादा गणिताचीच आहे. लॅब ९० टक्के व्यग्र आहे, कामं अनियमित येतात आणि त्यांचे वेळ बरेच कमीजास्त आहेत असं धरलं, तर प्राधान्य नसताना सरासरी वाट पाहणं १८ तासांचं. एकूण वेळेच्या १० टक्के वेळ तातडीच्या कामांना गेला, तर ती २ तासांत हाती घेतली जातात आणि बाकीच्यांना २० तास लागतात. पण तातडीची कामं ६० टक्क्यांवर गेली, की त्यांनाच साडेचार तास थांबावं लागतं, आणि साध्या कामांना ४५. मग साधं काम असलेलाही "तातडीचे" लिहू लागतो, कारण ४५ तास कुणालाच परवडत नाहीत. लॅबच्या नोंदवहीत तातडीचे शिक्के साध्या नोंदींहून जास्त दिसू लागले, तर ती वेळ आली समजा. तेव्हा कितीही नीट लिहिलेली विनंती पुढे सरकत नाही, आणि बोलायचं असतं ते लॅबमध्ये आणखी एक विश्लेषक नेमण्याबद्दल.